ॲकी फळातील विष आणि जमैकातील ‘वांतीचा आजार’ : एका शोधाचा इतिहास

कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दर हिवाळ्यात एक आजार डोके वर काढीत असे. रात्री धडधाकट निजलेले मूल पहाटे ओकाऱ्या काढू लागे आणि पुष्कळदा दुसरी रात्र उजाडण्यापूर्वीच मरण पावे. आजाराला शास्त्रीय नाव नसल्यामुळे त्याच्या ठळक लक्षणावरून लोक आणि वैद्य दोघेही त्याला ‘वांतीचा आजार’ असेच म्हणत. सन १८८६ ते १९५० या काळात त्याने सुमारे ५,००० बळी घेतले असा अंदाज आहे, आणि त्यांत मोठा भरणा गरिबांच्या मुलांचा होता. या आजाराचे कारण बेटावरच्या एका रोजच्या फळात होते. तरीही ते निर्विवादपणे सिद्ध होण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. हा विलंब का झाला आणि अखेर उलगडा कसा झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. वृक्ष आणि त्याचे फळ

ॲकीचा वृक्ष मूळचा पश्चिम आफ्रिकेतील. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांच्या मार्गाने तो जमैकात आला. सन १७७८ मध्ये अशाच एका जहाजाच्या कप्तानाकडून त्याची रोपे किंवा कलमे विकत घेण्यात आली, अशी नोंद आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘ब्लायिया सॅपिडा’ हे कप्तान विल्यम ब्लाय याच्या नावावरून पडले. त्यामुळे हा वृक्ष ब्लायनेच जमैकात आणला, असा समज पुष्कळांचा असतो; पण तो बरोबर नाही. सन १७९३ मध्ये ब्लायने जमैकातून या वृक्षाचे नमुने इंग्लंडमधील क्यू येथील उद्यानात नेले, एवढाच त्याचा संबंध. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ॲकी आपल्या रिठ्याच्या आणि लिचीच्या कुलातील आहे. या नात्याचा संदर्भ लेखाच्या शेवटी पुन्हा येईल.

फळ साधारण पेरूएवढे असते आणि पिकू लागले की तांबडे होते. पूर्ण पिकल्यावर ते झाडावरच आपोआप तीन फाकांनी उकलते. आत तीन काळ्याभोर, तुळतुळीत बिया दिसतात आणि प्रत्येक बीच्या बुडाशी पिवळसर मलईच्या रंगाचा मांसल गर असतो. खावयाचा भाग तेवढाच. बी टाकून द्यावयाची आणि गराच्या बेचक्यातील गुलाबी पापुद्राही काढावयाचा. मग गर पाण्यात उकडून ते पाणी ओतून टाकतात आणि खारवलेल्या कॉड माशाबरोबर तो परततात. ॲकी हे आज जमैकाचे राष्ट्रीय फळ आहे, आणि ही पाककृती तेथील राष्ट्रीय पक्वान्न मानली जाते.

पिकलेल्या फळाचा गर निर्धोक असतो. न उकललेल्या फळाचा तोच गर प्राणघातक ठरू शकतो. बी तर कच्च्या व पिकलेल्या दोन्ही अवस्थांत विषारीच असते. म्हणजे ॲकीविषयी ‘हे फळ विषारी आहे काय?’ असा प्रश्न विचारला तर त्याचे एकच उत्तर देता येत नाही. पुढच्या सर्व वादाचे मूळ या गोष्टीत आहे.

२. संशय आणि आक्षेप

ॲकीवर संशय प्रथमपासून घेतला जात होता. पण त्याला तितकाच सबळ आक्षेपही होता. बेटावरील लाखो माणसे पिढ्यान् पिढ्या हे फळ खात आली होती आणि त्यांना काही अपाय झालेला नव्हता. एकाच घरात एकाच भांड्यातील अन्न खाऊन मोठी माणसे सुखरूप राहत आणि एखादे मूल मात्र दगावे. विष असेल तर ते निवडक माणसांनाच कसे बाधते, असे लोक विचारीत. हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्याला उत्तर देता येईपर्यंत फळाविरुद्धचा आरोप शाबीत होणे शक्यच नव्हते.

दुसरीकडे वैद्यकातील तत्कालीन वारा जंतूंच्या शोधाचा होता. उष्ण कटिबंधातील प्रत्येक आकस्मिक साथीमागे एखादा सूक्ष्म जीव असणार, ही अपेक्षा स्वाभाविक होती. वांती हे पीतज्वराचेही लक्षण असल्याने काहींनी हा आजार त्याचाच एक प्रकार मानला. मात्र जमैकातील रोग्यांना सहसा ताप नसे. उलट अंग गार पडत असे. कावीळही दिसत नसे. शिवाय आजार एका घरातून शेजारच्या घरात क्रमाक्रमाने पसरत नसे. तो एका घरातील तिघाचौघांना एकदम गाठी आणि पलीकडचे घर मोकळे सोडी. ही संसर्गाची चाल नव्हे. एका पातेल्यातून जेवणाऱ्यांवर ओढवणाऱ्या विषबाधेची आहे.

३. स्कॉटची चौकशी

हे चिन्ह ज्याने नीट वाचले तो जमैकातील सरकारी जंतुशास्त्रज्ञ हेन्री हॅरोल्ड स्कॉट. सन १९१६ मध्ये त्याने या आजारावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. तो स्वत: जंतुशास्त्रज्ञ असूनही त्याने निष्कर्ष जंतूंच्या विरुद्ध काढला, ही लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे. त्याची पद्धती साधी होती. आजारी पडलेल्या घरांत आदल्या दिवशी काय शिजले, कोणी काय व किती खाल्ले, याची त्याने विचारपूस केली. आजाराचा हंगाम आणि ॲकीचा बहर हे दोन्ही थंडीच्या महिन्यांत एकत्र येतात, हे त्याने दाखविले. कच्च्या फळाचा अंश प्राण्यांना देऊन त्याने तशीच लक्षणे व तसेच यकृतातील फेरफार उत्पन्न केले.

स्कॉटचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण पातेल्यातील पाण्यासंबंधी होते. सुस्थितीतील घरांत ॲकी उकडल्यावर पाणी फेकून देत. गरिबाच्या घरी मात्र पुष्कळदा तेच पाणी रस्सा म्हणून वापरले जाई आणि लहान मुलांच्या वाट्याला गरापेक्षा रस्साच जास्त येई. विष पाण्यात विरघळणारे असल्याने ते गरातून रश्श्यात उतरत असे. एकाच पातेल्यातून जेवूनही मोठी माणसे वाचतात आणि मूल मरते, या कोड्याचा अर्धा भाग येथे सुटला. शिजविल्याने अन्न निर्विष होते ही सर्वसाधारण समजूत येथे उपयोगी पडत नाही. उकडण्याने विष नाहीसे होत नाही. त्यातले बरेचसे गरातून पाण्यात जाते.

तथापि स्कॉटला विष हाती लागले नव्हते, आणि ते शरीरात काय करते हेही त्याला ठाऊक नव्हते. त्यामुळे त्याच्या निष्कर्षानंतरही वाद मिटला नाही आणि मुले मरतच राहिली. आजाराचे नाव एका लक्षणावरून पडलेले असल्याने निरनिराळ्या कारणांच्या वांत्याही त्यात मिसळल्या जात, आणि त्यामुळे शंकेला सदैव जागा राहत असे.

४. सन १९५४

उलगड्याचे दुसरे पर्व मोना येथे घडले. तेथे सन १९४८ मध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठ महाविद्यालयाची स्थापना झाली होती. डेरिक जेलिफ आणि स्टुअर्ट या वैद्यांनी सन १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या आजाराला ‘तीव्र विषजन्य रक्तशर्करान्यूनता’ असे म्हटले. रोग्यांच्या रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेली आढळत होती. निरोगी माणसात उपाशीपोटी दर १०० घनसेंटिमीटर रक्तात साधारणपणे ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. मेंदूचे नेहमीचे इंधन हीच साखर असल्यामुळे ती फार उतरली की प्रथम सुस्ती येते, मग आकडी आणि शेवटी बेशुद्धी. आजवर ‘वांतीचा आजार’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या रोगात मृत्यूचा मार्ग वांतीतून नव्हे, तर साखरेच्या घसरणीतून जात होता.

त्याच वर्षी त्याच संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ हॅसल, रेल आणि फेंग यांनी ॲकीपासून दोन शुद्ध द्रव्ये वेगळी केली. ती प्राण्यांना दिली असता रक्तशर्करा उतरत असल्यामुळे त्यांना ‘हायपोग्लायसिन अ’ आणि ‘हायपोग्लायसिन ब’ अशी नावे देण्यात आली. प्रथम ही द्रव्ये प्रथिनांच्या तुकड्यांसारखी वाटली होती. पुढे थोड्याच वर्षांत असे ठरले की ‘अ’ हे एक साधे पण विलक्षण घडणीचे अमिनो आम्ल असून ‘ब’ म्हणजे त्यालाच ग्लुटामिक आम्ल जोडून झालेले संयुग आहे. ‘अ’च्या रेणूत तीन कर्बाणूंचे एक ताणलेले लहान कडे असते, आणि त्याची सारी करामत या कड्यात आहे. न पिकलेल्या गरात ‘अ’चे प्रमाण दर किलोग्रॅमला १,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकते, फळ झाडावर पूर्ण उकलेपर्यंत ते १०० मिलिग्रॅमच्या खाली येते. ‘ब’ मात्र बियांतच आढळते. फळाच्या उकलण्याला स्वयंपाकघरात एवढे महत्त्व का, ते या आकड्यांवरून कळते.

रक्तशर्करा उतरविणारे द्रव्य म्हणून मधुमेहावर त्याचा उपयोग होईल काय, असाही प्रश्न त्या काळी निघाला. परंतु हायपोग्लायसिनचे कार्य इन्सुलिनसारखे नाही, हे लवकरच ध्यानात आले. इन्सुलिनने साखर झटपट उतरते. हायपोग्लायसिन दिल्यावर काही तास जातात, आधी यकृतातील साखरेचा साठा संपतो आणि मगच रक्तातील साखर कोसळते. या विलंबातच विषाच्या कार्याचे रहस्य दडलेले होते.

५. विष काय करते

यकृत हे शरीराचे साखरेचे कोठार आहे. जेवणानंतर ते साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठविते आणि उपवासात ती रक्तात सोडते. कोठार रिकामे होऊ लागले की यकृत इतर द्रव्यांपासून नवी साखर तयार करते. या कामासाठी लागणारी शक्ती त्याला चरबीतील मेदाम्ले जाळून मिळते. शिवाय मेदाम्लांच्या ज्वलनातून निघणारे एक मध्यम द्रव्य साखर बनविण्याच्या पहिल्याच पायरीला चालना देते. म्हणजे चरबी जळत नसेल तर नवी साखरही होत नाही.

हायपोग्लायसिन हे स्वत: विष नव्हे, शरीर त्याचे विष बनविते. यकृतात त्याचे रूपांतर दोन टप्प्यांत एका निराळ्या आम्लात होते, आणि ते आम्ल मेदाम्ले जाळणाऱ्या यंत्रणेत एखाद्या साध्या मेदाम्लासारखे दाखल होते. तेथील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, त्याला आपले नेहमीचे खाद्य समजून धरतात. मग ते ताणलेले कडे उघडते आणि विकराला असे चिकटून बसते की ते विकर कायमचे निकामी होते. अशा रीतीने मेदाम्लांचे ज्वलन अर्ध्यावरच अडते. काही अमिनो आम्लांच्या विघटनातील विकरेही याच फटक्यात सापडतात आणि त्यामुळे रक्तात निरनिराळी आम्ले तुंबतात. वांतीचे कारण एकट्या साखरेच्या घसरणीत शोधता येत नाही. या तुंबलेल्या आम्लांचाही तीत वाटा असावा असे मानले जाते.

हा सिद्धान्त माणसाच्या बाबतीत खरा असल्याचा पुरावा सन १९७६ मध्ये मिळाला. के तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या दोन रोग्यांच्या मूत्राची रासायनिक तपासणी केली. त्यात अर्धवट जळलेल्या मेदाम्लांचे अवशेष मोठ्या प्रमाणात सापडले, आणि खुद्द हायपोग्लायसिनपासून बनलेल्या आम्लाचा अंशही सापडला. तानाका यांनी त्यापूर्वी अशाच विकरांच्या जन्मजात अभावामुळे होणाऱ्या एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले होते. काही थोड्या मुलांना जन्मत: जी उणीव असते, तीच हे फळ धडधाकट मुलात एका रात्रीत निर्माण करते.

६. एका रात्रीचा हिशेब

आता जुन्या वर्णनांतून दिसणारा आजाराचा क्रम या ज्ञानाच्या प्रकाशात तपासून पाहू. सुमारे १२ किलोग्रॅम वजनाचे तीनएक वर्षांचे मूल घेऊ. या वयात शरीर दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला अदमासे ५ मिलिग्रॅम साखर वापरते. म्हणजे तासाला साधारण साडेतीन ग्रॅम साखर लागते. पोटभर जेवलेल्या अशा मुलाच्या यकृतात सुमारे २० ग्रॅम ग्लायकोजेन असते. नव्या साखरेची निर्मिती बंद पडली तर हा साठा पाच-सहा तासच पुरेल. निरोगी मुलात ही निर्मिती चालू असते, म्हणून ते रात्रभर निर्धास्त झोपते. परंतु मूल कुपोषित असेल किंवा संध्याकाळी अर्धपोटी निजले असेल, तर साठा मुळातच तुटपुंजा असतो. त्यात कच्च्या ॲकीचा रस्सा पोटात गेला की निर्मितीही थांबते.

पहाटेच्या सुमारास मूल पोटात कसेसे होते म्हणून जागे होते आणि काही वेळा ओकते. मग पुष्कळदा काही तासांची उसंत मिळते. मूल शांत होते, झोपी जाते आणि घरच्यांना हायसे वाटते. ही उसंत फसवी असते, कारण तेवढ्या वेळात उरलासुरला साठा संपत असतो. त्यानंतर पुन्हा वांती, मग आकडी आणि बेशुद्धी हा क्रम येतो. ओकणाऱ्या मुलाला अन्न द्यावयाचे नाही ही घरोघरीची रीत येथे अनर्थाला हातभार लावते, कारण त्यामुळे बाहेरून येणारी साखरही बंद होते. शवविच्छेदनात यकृत चरबीने भरलेले आणि ग्लायकोजेनविरहित आढळते. चरबी साठलेली, पण ती जळू शकली नाही. साखर मात्र संपलेली. आजाराची सगळी कथा त्या यकृतावर लिहिलेली असते.

मोठी माणसे का वाचतात, या जुन्या आक्षेपाचे उत्तर आता पुरे होते. त्यांच्या वजनाच्या मानाने विषाची मात्रा थोडी असते, त्यांची साखरेची गरज दर किलोग्रॅममागे कमी असते आणि त्यांचा साठा मोठा असतो. तात्पर्य, आजार होण्यास दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : कच्चे फळ आणि रिकामे कोठार. ज्यांनी केवळ फळाकडे पाहिले त्यांना निरोगी राहिलेल्या माणसांचे कोडे पडले. ज्यांनी केवळ गरिबीकडे पाहिले त्यांना आजाराचा हंगाम उलगडला नाही.

उपचाराची दिशाही यातूनच निघते. शिरेतून ग्लुकोज देणे, तेही आकडी येण्याची वाट न पाहता, हा मुख्य उपाय होय. मात्र एकदा साखर वर आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. निकामी झालेली विकरे नव्याने तयार होण्यास अवधी लागतो आणि तोवर साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून ग्लुकोज चालू ठेवावे लागते आणि रक्त पुन:पुन्हा तपासावे लागते. मेंदूला दीर्घ काळ साखर मिळाली नसेल, तर उशिरा दिलेल्या ग्लुकोजने रक्ताचा आकडा सुधारतो, पण रोगी वाचेलच असे नाही.

७. जमैकाबाहेर

ॲकीच्या मूळ भूमीतही हा अनर्थ घडला. सन १९९८ च्या जानेवारी ते मे या महिन्यांत बुर्किना फासो देशाच्या नैर्ऋत्य भागात दोन ते सहा वर्षे वयाची २९ मुले मेंदूच्या अज्ञात विकाराने मरण पावली. चौकशीअंती संशय कच्च्या ॲकीवर स्थिरावला. अमेरिकेने ॲकीच्या आयातीवर सन १९७३ पासून घातलेली बंदी सन २००० मध्ये सैल केली. ठराविक कारखान्यांतील डबाबंद गरालाच प्रवेश देण्यात आला आणि हायपोग्लायसिनची कमाल मर्यादा दर किलोग्रॅमला १०० मिलिग्रॅम अशी ठेवण्यात आली.

परंतु भारतीय वाचकाला अधिक जवळचे उदाहरण बिहारमधील मुझफ्फरपूरचे आहे. तेथे सन १९९५ पासून लिचीच्या हंगामात पहाटे आकडी येऊन मुले दगावत होती. येथेही प्रथम जंतूंचा, विशेषत: मेंदूज्वराच्या विषाणूंचा शोध घेतला गेला. लिचीच्या बीमध्ये हायपोग्लायसिनचे एक जवळचे भावंड असते, हे सन १९६२ मध्येच रसायनशास्त्रज्ञांनी नोंदविले होते. पण ती नोंद आणि ती मुले यांची गाठ पडण्यास अर्धे शतक जावे लागले. सन २०१४ च्या साथीत दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली आणि त्यांपैकी १२२ मरण पावली. त्या साथीचा अभ्यास सन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आजारी मुलांनी लिची खाल्ली असण्याची शक्यता निरोगी मुलांच्या तुलनेत बरीच अधिक होती, आणि रात्री जेवण न घेतलेल्या मुलांत लिचीचा हा संबंध अधिक ठळक होता. तपासलेल्या ७३ मुलांपैकी ४८ मुलांच्या मूत्रात या विषांचे अवशेष सापडले.

उरलेल्या २५ मुलांच्या मूत्रात ते सापडले नाहीत, हेही येथे नोंदविले पाहिजे. मुझफ्फरपूरच्या प्रत्येक मृत्यूचे कारण लिचीच होय असे त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. उष्मा, कुपोषण आणि अन्य कारणांविषयीचा वाद त्यानंतरही चालू राहिला, आणि सन २०१९ च्या उन्हाळ्यात तेथे पुन्हा शंभराहून अधिक मुले दगावली. तथापि मुलांना रात्री जेवल्याशिवाय निजू देऊ नये, लिची बेताने खाऊ द्यावी आणि आजारी मुलाची रक्तशर्करा तत्काळ तपासून ग्लुकोज द्यावे, हा सल्ला कारणांच्या वादावर अवलंबून नाही.

स्कॉटने सन १९१६ मध्ये घरोघरी जो प्रश्न विचारला होता, तो ‘काल पातेल्यात काय शिजले?’ असा होता. त्याच्यानंतरच्या शतकाने त्याला आणखी एक प्रश्न जोडला आहे : ‘आणि मूल जेवून निजले होते काय?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडल्यावाचून या आजाराचा इतिहास समजत नाही आणि त्याचे निवारणही होत नाही.